परीक्षक नेमकं काय म्हणाले?

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्या सॉफ्टवेअर गटाच्या अंतिम फेरीत संघ सलग ३६ तास राबतात. अशा स्पर्धेत परीक्षकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, तरी दमलेल्या मुलांच्या हाती लागायला हवा तो त्याचा नेमका सारांश.

समजा, एका संघाने कांदाचाळीतला ओलावा मोजून शेतकऱ्याला इशारा देणारं ॲप केलं आहे. एक परीक्षक म्हणतात, “इशारा मराठीत येतो, हे उत्तम. पण चाळीत रेंज नसेल तर?” पहिलं वाक्य सरळ बलस्थानात जातं. दुसरा मात्र प्रश्न आहे, आणि सारांश इथेच फसतो. तो लगेच उणीव म्हणून नोंदवू नये; पुढचं उत्तर ऐकावं. “नोंदी फोनमध्ये साठतात” असं संघाने दाखवलं, तर शंका मिटली. संघ गप्प राहिला, तर ती उणीव.

दुसरे परीक्षक सुचवतात, “आधी एकाच चाळीत महिनाभर चालवून बघा.” हा सल्ला. तिसऱ्यांना मात्र लगेच विस्तार हवा असेल, तर दोन्ही मतं वेगवेगळी लिहावीत. त्यांची सरासरी काढली की कुणीच न दिलेला सल्ला तयार होतो.

प्रत्येक मुद्द्यापुढे मुद्रणातली वेळ लिहिली, की संघाला मूळ वाक्य स्वतः ऐकून पडताळता येतं.