दिवस राहिले? थायरॉईडची गोळी बंद नको, डोस वाढवावा लागतो

थायरॉईडची गोळी चालू असलेल्या बाईला दिवस गेले की घरात पहिला सल्ला मिळतो, "आता बाळाला त्रास नको, गोळ्या बंद कर." हा सल्ला चुकीचा आहे. उलट, अशा बहुतेक बायकांना आधीपेक्षा जास्त डोस लागतो.

असं का? पहिल्या 12 आठवड्यांत बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी काम करत नाही. ती पुरेसं हार्मोन बनवू लागते साधारण 18 ते 20 आठवड्यांनंतर. पण मेंदूची घडण त्याआधीच सुरू झालेली असते. त्या काळात बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं. 1999 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणात थायरॉईड कमी असूनही उपचार न मिळालेल्या मातांची मुलं 7 ते 9 वर्षांची झाल्यावर त्यांचा बुद्ध्यांक इतर मुलांपेक्षा सरासरी 7 गुणांनी कमी आढळला.

एक उदाहरण घेऊ. एका बाईला रोज 50 मायक्रोग्रॅमची एक गोळी, म्हणजे आठवड्याला 7 गोळ्या आहेत. पाळी चुकली, तपासणीत दिवस राहिल्याचं कळलं. अशा वेळी डॉक्टर सहसा आठवड्याला 2 गोळ्या वाढवतात, म्हणजे दोन दिवस दोन-दोन गोळ्या. त्यामुळे पहिल्या नोंदणीची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि टीएसएच तपासा. आकडा साधारण 2.5 च्या खाली ठेवायचा असतो.

दर चार आठवड्यांनी पुन्हा टीएसएच तपासायची, ती निम्मे दिवस भरेपर्यंत. शेवटच्या तीन महिन्यांत, 30 व्या आठवड्याच्या आसपास, निदान एकदा तरी. डोस बदलला तर चार आठवड्यांनी पुन्हा.

आता आपल्याकडे नेहमी होणारी चूक. आरोग्य केंद्रातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. बाई तिन्ही गोळ्या सकाळी एकदमच घेते. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडची गोळी अंगी लागू देत नाहीत. गोळी रोज घेऊनही टीएसएच चढतच राहिला, तर आधी हेच तपासा. थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर उपाशीपोटी पाण्यासोबत घ्या, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने करा. लोह-कॅल्शियम किमान चार तासांनी घ्या. दोन्ही एकत्र न घेता एक दुपारी, एक रात्री घ्या.

थकवा, बद्धकोष्ठता, वजन वाढणं ही लक्षणं गरोदरपणात अशीही होतात. त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून थायरॉईड ओळखता येत नाही, रक्तच तपासावं लागतं.

बाळंतपण झालं की डोस सहसा पूर्वीइतका केला जातो आणि सहा आठवड्यांनी टीएसएच बघितली जाते. गोळी चालू असताना बाळाला अंगावर पाजायला काहीच हरकत नाही.