भिजत घातलेली मटकी दोन दिवस विसरली, तर उकळून खावी का?

गेल्या आठवड्यात आमच्याच घरी झालं. शनिवारी रात्री अर्धा किलो मटकी स्टीलच्या डब्यात भिजत घातली आणि रविवारी पहाटे सगळे लग्नाला गेलो. परतलो सोमवारी सकाळी. झाकण काढलं तर वर पांढरा फेस, पाणी गढूळ आणि वास असा की डबा ओट्यावरून खाली ठेवावा लागला. आई म्हणाली, "तीन पाण्याने धुऊन दोन शिट्ट्या जास्त कर, काही होत नाही." बहुतेक घरांत असंच म्हणतात.

आता गंमत बघा. हीच मटकी रविवारी सकाळी पाणी काढून फडक्यात बांधली असती, तर सोमवारी छान मोड आले असते. तास तेवढेच, मग फरक कशाने पडला? पेरणीनंतर वाफ्यात पाणी साचलं की सोयाबीन उगवत नाही, जागेवर सडतं, हे आपण पाहतोच. भिजलेलं बी जिवंत असतं, त्याला हवा लागते. पाण्यात बुडून राहिलं की ते गुदमरतं, त्याच्यातला रस पाण्यात उतरतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. उन्हाळ्यात हे फार लवकर होतं.

उकळल्याने जिवाणू मरतात, हे खरं. पण मातीतून धान्याबरोबर येणारे काही जिवाणू वाढताना विष सोडतात. त्यातलं उलट्या करणारं विष कुकरच्या शिट्ट्यांनीही जात नाही. असं काही पोटात गेलं तर साधारण एक ते सहा तासांत मळमळ, उलट्या सुरू होतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं त्यात लवकर गळून जातात.

कोणी म्हणेल, इडलीचं पीठही आंबतंच की. तिथे वाटलेल्या पिठात आंबटपणा लवकर वाढतो आणि तोच इतर जिवाणूंना दाबतो. डबाभर पाण्यात बुडालेल्या अख्ख्या दाण्यांत तसंच होईल याचा भरवसा नसतो.

ओळखायचं कसं? दाणे धुऊन नव्या पाण्यात घाला. तरी वास येत असेल, दाणा बोटाला बुळबुळीत लागत असेल किंवा दाबल्यावर पिचत असेल, तर टाकून द्या. मेथीला मात्र बुळबुळीतपणाची खूण लावू नका, ती भिजली की तशी होतेच. तिथे फेस आणि वास बघा. पण वास नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका, कारण त्या विषाला वास नसतो. उन्हाळ्यात दिवसभराच्या वर पाण्यात राहिलेली कडधान्यं आम्ही आता वापरत नाही. बदामही तसेच.

मटकीला आठ तास भिजणं पुरे. गावाला जायची वेळ आली तर पाणी निथळून डबा फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस टिकते. फ्रिज नसेल तर परत आल्यावरच भिजत घाला.

आमची अर्धा किलो उकिरड्यात गेली. आई दिवसभर बोलली नाही.