‘लर्न मोअर’, ‘शॉप नाऊ’ की ‘गेट कोट’? जाहिरातीखालचं बटण नेमकं काय करतं?

संध्याकाळची बदलापूर लोकल. बसायला जागा मिळालेली नाही, एका हातात दांडी, दुसऱ्या हातात मोबाईल. अंगठा वर सरकतो आणि एक जाहिरात समोर येते: ‘नव्या घरासाठी किचन ट्रॉली, उल्हासनगरच्या कारखान्यातून थेट’. खाली बटण आहे ‘शॉप नाऊ’. दाबलं की दुकानाचं पान उघडतं. चार सुंदर फोटो दिसतात आणि शेवटी लिहिलेलं असतं, ‘दरासाठी संपर्क करा’. अंगठा मागे फिरतो आणि जाहिरातदाराचे त्या क्लिकचे पैसे वाया जातात.

ट्रॉली वाईट नव्हती आणि जाहिरातही वाईट नव्हती. बटण चुकलं होतं.

बटण म्हणजे एक वचन

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात देताना बटणावरचे शब्द स्वतः लिहिता येत नाहीत. मेटाने ठरवून दिलेल्या यादीतूनच एक निवडावं लागतं. त्या यादीतले हे तीन पर्याय लहान व्यावसायिक बऱ्याचदा एकाच अर्थाचे असल्यासारखे वापरतात. बघणारा मात्र प्रत्येकाचा अर्थ वेगळा घेतो.

‘शॉप नाऊ’ म्हणजे पुढच्या पानावर किंमत असेल, साईज निवडता येईल आणि पैसे भरून वस्तू मागवता येईल. ‘लर्न मोअर’ म्हणजे आधी माहिती मिळेल, कोणी मागे लागणार नाही. ‘गेट कोट’ म्हणजे आपली गरज सांगायची आणि त्यावर दर कळणार. (मराठीत ‘कोट’ वाचल्यावर आधी अंगातला कोट आठवतो हे खरं. बाजारात सगळे ‘कोटेशन’ किंवा ‘एस्टिमेट’च म्हणतात.)

म्हणून बटण निवडताना पहिला प्रश्न असा असतो: वस्तूची किंमत आधीच ठरलेली आहे का?

उल्हासनगरच्या जीन्सचं उदाहरण घ्या. किरकोळ ग्राहकाला एक पँट विकायची असेल, साईज आणि किंमत पानावर असेल, तर ‘शॉप नाऊ’ चोख बसतं. पण तोच कारखानदार ठोक माल विकत असेल आणि किमान पन्नास नग घ्यावे लागत असतील, तर ‘शॉप नाऊ’ दाबणारे बहुतेक जण एकच पँट शोधत आलेले असतात. अंबरनाथच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनची कामं घेणाऱ्याकडे तर ठरलेली किंमत नसतेच. ड्रॉइंग, धातू आणि नग किती, हे कळल्याशिवाय तो दर देऊ शकत नाही. त्याच्यासाठी ‘गेट कोट’.

बदलापुरातल्या फ्लॅटचं वेगळं आहे. लोकलमध्ये उभ्याउभ्या कोणी फ्लॅट घेत नाही, त्यामुळे तिथे ‘लर्न मोअर’ योग्य. मात्र नोंदणी आवश्यक असलेल्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. ते दिसत नसेल, तर बटण कुठलंही असो, ते दाबण्याआधी थांबलेलं बरं.

किचन ट्रॉलीचा हिशेब

आता पुन्हा ट्रॉलीकडे. ओटा सरळ आहे की एल आकाराचा, लांबी किती फूट, आत स्टीलच्या जाळ्या हव्यात की प्लायचे ड्रॉवर, बाहेर लॅमिनेट की अ‍ॅक्रिलिक, यावर किंमत बरीच बदलते. म्हणजे ‘शॉप नाऊ’ बाद. उरले दोन.

समजा, कारखानदाराने प्रत्येकी 2,000 रुपये खर्चून आठवडाभर दोन जाहिराती चालवल्या. ‘लर्न मोअर’वर 200 क्लिक आले, म्हणजे क्लिकला 10 रुपये. ‘गेट कोट’वर 25 जणांनी फॉर्म भरला, म्हणजे फॉर्मला 80 रुपये. इथेच अनेक जण ‘लर्न मोअर स्वस्त पडतं’ म्हणून मोकळे होतात.

पण क्लिकने कारखाना चालत नाही. त्या 200 पैकी पाच जणांनी फोन केला आणि दोघांनी माप घ्यायला घरी बोलावलं. फॉर्म भरलेल्या 25 पैकी अकरा जणांनी फोन उचलला आणि सात जणांनी घरी बोलावलं. एका माप-भेटीचा खर्च पहिल्या जाहिरातीत 1,000 रुपये, दुसऱ्या जाहिरातीत साधारण 286. मोजायचं ते हे. तरीही दोन आणि सात हे आकडे लहान आहेत. एका आठवड्यावरून कायमचा निकाल लावू नये, पुन्हा एकदा चालवून बघावं.

तुलना कुठे फसते?

वरच्या हिशेबात एक मेख आहे. पहिली जाहिरात क्लिक मिळवण्यासाठी लावली होती, दुसरी फॉर्मसाठी. जाहिरात तयार करताना उद्दिष्ट निवडलं जातं आणि त्यावरून मेटाची यंत्रणा ती कोणाला दाखवायची ते ठरवते. क्लिकचं उद्दिष्ट दिलं की सहज क्लिक करणारी माणसं शोधली जातात, फॉर्मचं दिलं की फॉर्म भरण्याची शक्यता असलेली. म्हणजे फरक पडला त्यात मोठा वाटा उद्दिष्टाचा होता, बटणाचा कमी.

फक्त बटण तपासायचं असेल तर दोन्ही जाहिराती फॉर्मच्याच ठेवाव्यात. फोटो, मजकूर, परिसर आणि बजेट तेच राहू द्यावं. एकीवर ‘लर्न मोअर’, दुसरीवर ‘गेट कोट’. मेटाच्या ए-बी टेस्टमध्ये प्रेक्षक दोन गटांत विभागले जातात, त्यामुळे एकाच माणसाला दोन्ही दिसून गोंधळ होत नाही.

बटणाच्या वरची ओळ

बटणाचे शब्द बदलता येत नाहीत, पण वरची ओळ पूर्ण आपली असते. ‘गेट कोट’च्या वर ‘उत्तम दर्जा, वाजवी दर’ लिहून काही कळत नाही. ‘ओट्याची लांबी सांगा, उद्या संध्याकाळपर्यंत अंदाजे खर्च कळवू’ असं लिहिलं की काय द्यायचं, काय मिळेल आणि कधी मिळेल, तिन्ही स्पष्ट होतं. अर्थात, उद्या संध्याकाळी खरंच कळवता येत असेल तरच हे लिहावं.

फॉर्ममध्ये नाव आणि नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरलेले येऊ शकतात. सोय चांगली, पण नंबर जुना निघतो किंवा माणसाला आपण फॉर्म पाठवल्याचंच आठवत नाही. ‘कुठला फॉर्म? मी नाही भरला’ असं उत्तर वारंवार यायला लागलं, तर फॉर्म फार सोपा झालाय असं समजावं. पाठवण्याआधी माहिती तपासायला लावणारा फॉर्मचा प्रकार निवडता येतो. शिवाय ‘ओटा किती फूट?’ आणि ‘घराचा ताबा कधी?’ असे दोन प्रश्न हाताने भरायला ठेवावेत. फॉर्म कमी येतील, पण ताबा दोन वर्षांनी मिळणारा आणि पुढच्या महिन्यात राहायला जाणारा वेगळे ओळखता येतील.

बघणाऱ्याने काय लक्षात ठेवावं?

‘लर्न मोअर’ दाबल्यावर लगेच नंबर मागणारा फॉर्म उघडू शकतो, कारण बटणावरून पुढे पान आहे की फॉर्म हे कळत नाही. फॉर्म नुसता उघडून बंद केला तर माहिती जात नाही, ‘सबमिट’ केल्यावर जाते. ‘गेट कोट’ भरला तर मात्र फोन येणार हे गृहीत धरावं. फक्त अंदाज हवा असेल, तर फॉर्मऐवजी दुकानाच्या पेजवर मेसेज करून ‘एल आकार, दहा फूट, लॅमिनेट, किती?’ एवढं विचारलं तरी काम होतं.