टक्के किती माणसांचे?

संकेतस्थळावर कोण येते आणि कोणत्या उपकरणावरून येते, हे गूगल ॲनालिटिक्सचे दोन अहवाल सांगतात. पहिल्यात वय आणि लिंग असते, दुसऱ्यात मोबाइल, संगणक आणि टॅबलेट अशी विभागणी. दोन्हींतली माहिती एकाच पद्धतीने मिळत नाही, त्यामुळे त्यांवर विसंबण्याची मर्यादाही वेगळी असते.

वय कुणाला विचारले जात नाही. जे गूगल खात्यात लॉग-इन आहेत आणि ज्यांनी जाहिरातींसाठी आपली माहिती वापरू दिली आहे, त्यांच्यापुरताच गूगल वयोगट ठरवते. तेही संकेतस्थळाच्या मालकाने ‘गूगल सिग्नल्स’ ही सोय चालू केली असेल तर. बाकीचे सगळे unknown या ओळीत जातात. उपकरणाची ओळख मात्र ब्राउझर स्वतःच देतो, म्हणून ती बहुतेक भेटींसाठी मिळते. तरी तिच्यातही फसगत आहे. 2019 मध्ये आलेल्या आयपॅडओएस 13 पासून आयपॅडवरचा सफारी ब्राउझर स्वतःची ओळख मॅक संगणक म्हणून देतो, त्यामुळे टॅबलेटचे काही वाचक संगणकाच्या खात्यात जमा होतात. शिवाय सकाळी मोबाइलवर आणि रात्री लॅपटॉपवर येणारा एकच माणूस, संकेतस्थळावर लॉग-इन नसेल तर, दोन वापरकर्ते म्हणून मोजला जातो.

समजा, दिवाळी अंक विकणाऱ्या एका छोट्या संकेतस्थळावर महिन्यात 240 वापरकर्ते आले. त्यांपैकी 180 जणांचे वय unknown आहे. उरलेल्या 60 जणांत 24 जण 25 ते 34 वयाचे आहेत. unknown वगळून टक्के काढले, की ‘40 टक्के वाचक तरुण’ असा निष्कर्ष तयार होतो. पुढच्या महिन्यात वय कळलेले 50 जण आणि त्यांत हा गट 15 जणांचा, म्हणजे 30 टक्के. तरुण वाचक दुरावला, असे बैठकीत सहज म्हटले जाईल.

आता या टक्क्यांचा छेद पाहायला हवा. 60 जणांच्या नमुन्यात 40 टक्के आले, तर नेहमीच्या 95 टक्के विश्वासपातळीवर खरे प्रमाण साधारण 28 ते 52 यांच्यामध्ये कुठेही असू शकते. त्याचे सूत्र असे:

```
1.96 × √(p × (1 − p) / n)
```

इथे p म्हणजे आढळलेले प्रमाण (0.40) आणि n म्हणजे माणसे (60). उत्तर सुमारे 0.12, म्हणजे दोन्ही बाजूंना 12 अंश. दोन महिन्यांतला फरक तपासताना दोन्हीकडची अनिश्चितता एकत्र येते आणि मर्यादा जवळपास 18 अंशांवर जाते. दहा अंशांची घसरण तिच्या आतच राहते, म्हणून ती केवळ योगायोगानेही दिसू शकते. सूत्रात वर्गमूळ असल्यामुळे ही अनिश्चितता निम्मी करायची तर माणसे चौपट लागतात.

उपकरणांच्या अहवालात हाच घोटाळा अधिक ठळक होतो. त्याच 240 जणांत 200 मोबाइलवर, 35 संगणकावर आणि 5 टॅबलेटवर होते. मोबाइलवरच्या 8 जणांनी अंक घेतला, टॅबलेटवरच्या एकाने. अहवाल म्हणतो, मोबाइल 4 टक्के, टॅबलेट 20 टक्के. टॅबलेटवाले पाचपट खरेदी करतात असे वाटते, पण तो एक माणूस दुसऱ्या दिवशी घ्यायचे ठरवून उठला असता, तर 20 चे शून्य झाले असते. इतक्या लहान संख्येला वरचे सूत्र लागू पडत नाही. त्यासाठीच्या विल्सन पद्धतीने मोबाइलचे खरे प्रमाण साधारण 2 ते 8 टक्के, तर टॅबलेटचे 4 ते 62 टक्के यांच्यात कुठेही निघते.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. वय कळलेले 60 जण मात्र उरलेल्या 180 जणांसारखे असतीलच असे नाही. खाते न वापरणारे किंवा माहिती देण्यास नकार देणारे त्या 60 जणांत नाहीतच. हा दोष माणसे वाढवून जात नाही, आणि वरचे सूत्रही तो मोजत नाही.

आणखी एक अडचण म्हणजे, गट फार लहान असेल तर कुणाची ओळख उघड होऊ नये म्हणून ॲनालिटिक्स त्या ओळी दाखवतच नाही. अशा वेळी ओळींची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही आणि अहवालाच्या माथ्यावर तशी सूचना येते. ओळ दिसली नाही म्हणजे त्या वयाचे कुणी आलेच नाही, असे नव्हे.

म्हणून असा अहवाल वाचताना आधी unknown चा वाटा पाहावा आणि प्रत्येक टक्क्याशेजारी मूळ संख्या लिहावी. ती लहान असेल तर महिन्याऐवजी तिमाही घ्यावी किंवा सहा वयोगटांचे दोन-तीन करावेत. त्यानंतरही एका ओळीत पाच-दहाच माणसे उरली, तर टक्के सोडून ‘पाचांपैकी एक’ असेच लिहावे.