झोपेचं गणित – भाग ७ : छातीवर कोण बसतं?

गेल्या आठवड्यात स्वप्नाच्या झोपेबद्दल वाचलंत. त्या झोपेत मेंदू जोरात चालू असतो आणि हातापायांचे स्नायू मात्र सैल पडलेले असतात. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस पलंगावरून उठून खरंच पळाला असता. ही व्यवस्था कधीकधी चुकते, आणि करणीच्या भीतीला पक्का पुरावा मिळतो तो तिथेच.

समजा, जबलपूरच्या अधारतालमधलं एक मराठी घर. सकाळी काकूंनी सडा घालायला दार उघडलं, तर उंबऱ्याशी टाचण्या टोचलेलं, कुंकू लावलेलं लिंबू. जावेशी वाटणीवरून आधीच बिनसलेलं. शेजारीण म्हणाली, "काकी, किसी ने कुछ करवाया है." त्या रात्री काकू तासातासाला उठून कडी बघत राहिल्या. पहाटे डोळे उघडले. खोली दिसतेय, पंख्याचा आवाज येतोय, पण बोटसुद्धा हलत नाही. दाराशी कुणीतरी उभं. मग छातीवर वजन. हाक मारावी तर आवाज फुटेना. मिनिटभरात सगळं सुटलं.

काकूंना जाग आली होती, पण शरीर अजून स्वप्नाच्या झोपेतच होतं. त्या वेळी श्वास मुख्यतः छातीखालच्या पडद्यावर चालतो, बरगड्यांचे स्नायू ढिले असतात. खोल श्वास घ्यायला गेलं की तो येत नाही, आणि कुणीतरी दाबतंय असं वाटतं. हलता येत नाही म्हटल्यावर मेंदू धोका शोधू लागतो, आणि मनात जो असेल त्याचाच चेहरा अंधाराला चिकटवतो. इथे जाऊ, तर इजिप्तमध्ये जिन. बलंद जलाल या संशोधकाने इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांना येणाऱ्या अशा झटक्यांची तुलना केली, तेव्हा इजिप्तमध्ये भीतीही जास्त आढळली आणि झटकाही जास्त वेळ टिकल्याचं लोकांनी सांगितलं.

आता ती कडी. जपानमध्ये संशोधकांनी निरोगी माणसांना रात्री मुद्दाम उठवून पुन्हा झोपू दिलं, आणि काहींना प्रयोगशाळेतच असा झटका आला. १९९२ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. म्हणजे काकूंची रात्र लिंबाने नव्हे, तासातासाच्या पहाऱ्याने बिघडवली. झटका आला की भीती वाढते, भीतीने झोप पुन्हा तुटते, आणि दुसरा झटका जवळ येतो.

मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढण्याबद्दल माझी तक्रार नाही. मन निवलं तर झोप लागते. तक्रार आहे ती नाव सांगणाऱ्या मांत्रिकाबद्दल. तो जावेचं नाव घेतो, आणि पहारा महिनाभर चालतो.

झटक्यात सगळं अंग एकदम हलवायची धडपड करू नये. एखादं बोट हलवून बघावं, श्वास संथ ठेवावा. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपावं. झोपेची वेळ ठरलेली असावी. मात्र दिवसाही अनावर झोप येत असेल, किंवा खळखळून हसताना गुडघे अचानक लुळे पडत असतील, तर ते वेगळं दुखणं असू शकतं, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं.