खरे उत्तर, तरीही नापास



गेल्या जून महिन्यातील गोष्ट आहे. आमच्या शाळेतील एका सहकारी बाईंनी मला सायंकाळी घाईघाईने घरी बोलावून घेतले. त्यांच्या कन्येच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत त्याच रात्री बारा वाजता संपत होती. नाव बरोबर होते, संकेतशब्द बरोबर होता. परंतु त्याखाली I'm not a robot असे लिहिलेली एक चौकट होती, आणि गाडे तेथेच अडले होते. चौकटीत खूण केली की नऊ चित्रे समोर येत व वाहतुकीचे दिवे असलेली चित्रे निवडण्यास सांगितले जाई. बाईंनी ती निवडली की यंत्र पुन्हा नवी चित्रे पुढे करी. असे अकरा वेळा झाले होते.

“सर, माझे दिवे कुठे चुकतात एवढे फक्त पाहून सांगा,” बाई म्हणाल्या.

मी शेजारी बसून बारावा प्रयत्न पाहिला. दिवे कोठेही चुकत नव्हते. उत्तर खरे होते आणि तरीही बाई नापास होत होत्या. असे का घडते आणि घडल्यास काय करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

या कोड्याला कॅप्चा म्हणतात. लुइस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांचे सहकारी यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या नावाने त्याचे विवेचन केले आहे. माणसाला सहज सुटावे आणि यंत्राला सुटू नये असे कोडे घालावे, म्हणजे खोटी खाती उघडणारी व संकेतशब्द चोरून पाहणारी यंत्रे दाराबाहेर राहतील, ही मूळ कल्पना होय. पुढे यंत्रेही वाकडीतिकडी अक्षरे वाचू लागली. तेव्हा केवळ उत्तरावर विसंबणे सोडून, उत्तर देणारा कोठून आला आहे आणि त्याचा ब्राउझर कसा वागतो हेही तपासण्याची पद्धत आली. नुसत्या खुणेची ती चौकट 2014 च्या अखेरीस प्रचारात आली, ती याच पद्धतीतून.

आता पडद्यामागे काय चालते ते पाहू. ज्या संकेतस्थळावर आपण अर्ज भरतो, ते ही परीक्षा पुष्कळदा स्वतः घेत नाही. ती घेणारी संस्था वेगळी असते. आपला ब्राउझर त्या संस्थेकडून एक छोटा कार्यक्रम आणून चालवितो. परीक्षकाचे समाधान झाले की तो एक सांकेतिक चिठ्ठी ब्राउझरच्या हाती देतो. ती चिठ्ठी अर्जासोबत मूळ संकेतस्थळाकडे जाते, आणि संकेतस्थळ परीक्षकाला विचारते, “ही तुमचीच काय?” होकार आला तरच दार उघडते. सर्वांत जास्त प्रचारात असलेल्या रीकॅप्चा पद्धतीत ही चिठ्ठी दोनच मिनिटे चालते, आणि तीही एकदाच. म्हणून आधी चौकटीत खूण करून मग सावकाश संकेतशब्द शोधीत बसणाऱ्याची चिठ्ठी शिळी होते. खूण नेहमी सर्वांत शेवटी करावी.

बाईंच्या बाबतीत मात्र विलंब झालेला नव्हता. मग कारण तीन ठिकाणी असू शकत होते: ब्राउझरने जपून ठेवलेल्या जुन्या नोंदींत, ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये, किंवा नेटवर्कमध्ये. वैद्य एकाच वेळी तीन औषधे देत नाही, कारण गुण कशाने आला ते मग कळत नाही. येथेही एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

प्रथम आम्ही त्याच संगणकावर, त्याच घरच्या नेटवर्कवर, ब्राउझरची खाजगी खिडकी उघडली. क्रोममध्ये तिला New Incognito window आणि फायरफॉक्समध्ये New private window म्हणतात. या खिडकीत जुन्या कुकी नसतात, आणि आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शनही चालत नाहीत. कुकी म्हणजे संकेतस्थळाने ओळख पटावी म्हणून आपल्या ब्राउझरजवळ ठेवलेला बिल्ला. तेथे बाईंनी पुन्हा दिवे निवडले आणि पहिल्याच खेपेस आत प्रवेश मिळाला. रात्रीचे दहा वाजून गेले होते. आम्ही आधी अर्ज पूर्ण केला आणि चौकशी मागाहून केली.

आता संशयित दोन उरले. नेहमीच्या खिडकीत परतून आम्ही फक्त त्या एका संकेतस्थळाच्या आणि परीक्षकाच्या कुकी पुसल्या. सगळ्या पुसल्या असत्या तर बाईंना इतर सर्व ठिकाणी नव्याने प्रवेश करावा लागला असता. चित्रांचा ससेमिरा थांबला नाही. म्हणजे कुकी निर्दोष होत्या.

मग आम्ही chrome://extensions हे पान उघडले. तेथे चार एक्स्टेन्शन होती. चारही बंद केली, तेव्हा काम झाले. नंतर थोडा थोडा वेळ सोडून एकेक सुरू करीत गेलो. माझा पहिला संशय जाहिराती अडविणाऱ्यावर होता. तो खोटा ठरला. ते एक्स्टेन्शन दोषी असते तर लक्षण निराळे दिसले असते: परीक्षकाचा कार्यक्रमच अडविला जाऊन चौकट दिसलीच नसती, किंवा तिच्यातील चक्र नुसतेच फिरत राहिले असते. बाईंना चौकटही दिसत होती आणि चित्रेही येत होती; फक्त समाधान होत नव्हते. याचा अर्थ परीक्षकापर्यंत वाट मोकळी होती, परंतु त्याला येणाऱ्याचा भरवसा वाटत नव्हता.

चौथे एक्स्टेन्शन सुरू करताच चित्रे पुन्हा येऊ लागली. ते होते एक फुकट व्हीपीएन. दोन महिन्यांपूर्वी परदेशातील एक मालिका पाहण्यासाठी बाईंच्या मुलाने ते बसविले होते. व्हीपीएन आपली सारी ये-जा दुसऱ्याच ठिकाणच्या संगणकामार्फत वळविते. आपला नेटवर्कवरील पत्ता दाखविणारे एक पान उघडून पाहिले, तर बाई बसल्या होत्या घरी आणि पत्ता दिसत होता परदेशातला. फुकट व्हीपीएनच्या एकाच पत्त्यावरून शेकडो अनोळखी लोक, आणि त्यांत काही खोडसाळ यंत्रेही, ये-जा करतात. परीक्षकाला दिसत होती ती बाईंची मूर्ती नव्हे, तर ती गर्दी. तिच्या पापाचे प्रायश्चित्त बाई अकरा वेळा घेत होत्या.

म्हणजे दोष एक्स्टेन्शनच्या रूपाने आला होता, परंतु जातीने तो नेटवर्कचा होता. व्हीपीएन नसतानाही असा प्रसंग येतो. शाळेच्या संगणक-खोलीतील सर्व यंत्रे बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसतात. तासाला चाळीस मुले एकदम प्रवेश करू लागली, की ते दृश्य यंत्राच्या हल्ल्यासारखेच भासते. पुष्कळ मोबाइल कंपन्याही अनेक ग्राहकांना मिळून एकच बाह्य पत्ता देतात. अशा वेळी कसोटी सोपी आहे: संगणक तोच ठेवावा आणि नेटवर्क बदलावे. घरचे वायफाय सोडून फोनच्या हॉटस्पॉटवरून, किंवा त्याच्या उलट, प्रयत्न करावा. नेटवर्क बदलताच काम झाले, तर ब्राउझरला दोष देऊ नये.

याहून वेगळा प्रकार म्हणजे वाकड्या अक्षरांचे जुने कोडे. ते अजूनही अनेक ठिकाणी आढळते. तेथे संकेतस्थळ स्वतःच परीक्षा घेते, आणि खरे उत्तर आपल्या बिल्ल्याच्या नावावर स्वतःजवळ लिहून ठेवते. समजा, तेच पान आपण दोन टॅबमध्ये उघडले. दुसऱ्या टॅबमध्ये नवे चित्र आले की पुष्कळ ठिकाणी पहिले उत्तर खोडून नवे लिहिले जाते. पहिल्या टॅबमधील चित्र मात्र जसेच्या तसे दिसत राहते. आपण ते अचूक वाचून लिहितो आणि चूक ठरतो. ब्राउझरच्या मागे जाण्याच्या बाणाने जुने पान परत आणले, तरी हेच होते. म्हणून एकच टॅब ठेवावा, पान नव्याने उघडावे आणि चौकटीजवळच्या वर्तुळाकार बाणाने ताजे चित्र मागवावे. ब्राउझरमध्ये कुकी मुळीच बंद असतील, तर बिल्लाच नसल्यामुळे कोणतेही उत्तर जुळणार नाही. फोनवर आणखी एक बारीक खोड असते: तो पहिले अक्षर आपण होऊन मोठे करतो किंवा शेवटी एक मोकळी जागा सोडतो.

या उपायांना मर्यादा आहे. दुसरे यंत्र, दुसरा ब्राउझर आणि दुसरे नेटवर्क घेऊनही तेच होत असेल, तर दोष बहुधा संकेतस्थळाच्या मांडणीत असतो आणि आपल्याकडून काही होण्यासारखे नसते. पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र वेळेसह काढून त्यांच्या मदत-कक्षाकडे पाठवावे. मुदत चुकल्यास तोच आपला पुरावा. इरेस पडून लागोपाठ प्रयत्न मात्र करू नयेत. घाईघाईने पुन्हा पुन्हा दार ठोठावणे हेच यंत्राचे लक्षण असल्यामुळे त्याने संशय वाढतो. काही वेळ थांबणे हाही एक उपाय आहे.

शेवटी एक इशारा. या कोड्याने कंटाळलेला मनुष्य सुटकेसाठी सांगेल ते करावयास तयार होतो, आणि हे काही लबाडांनी ओळखले आहे. ते हुबेहूब कॅप्चासारखे पान दाखवितात आणि “आपण माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी Windows + R दाबा, मग Ctrl + V आणि Enter दाबा” असे सांगतात. तसे केले की आपल्याच हाताने चोराचा आदेश संगणकात चालतो. खरा कॅप्चा आपल्याला ब्राउझरच्या बाहेर पाठवीत नाही आणि कोणताही आदेश चिकटविण्यास सांगत नाही. तसे सांगणारे पान दिसले तर ते तत्काळ बंद करावे.

बाईंनी ते व्हीपीएन त्याच रात्री काढून टाकले. मुलाने कुरकुर केली. परंतु ताईचा अर्ज बारा वाजण्यापूर्वी पोहोचल्याची पावती समोर होती, तेव्हा त्याचा फारसा इलाज चालला नाही.