दोन पगार, एक हिशेब

घरात मूल असलं की पैशाला आपोआप तारखा लागतात. जूनमध्ये शाळेची फी, दिवाळीनंतर सहल, दहावीनंतर क्लास. ज्या घरात दोघंही कमावतात आणि मूल नाही, तिथे अशी तारीख लावणारं कुणी नसतं. पैसा अडत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. आणि मग पाच वर्षांनी दोघं एकमेकांकडे बघतात : एवढं मिळवलं, ते गेलं कुठे?

उदाहरणासाठी पुण्यातलं एक जोडपं घेऊ. दोघं तिशीतली. कापाकापी होऊन त्याच्या हातात ८८ हजार येतात, तिच्या हातात ७२ हजार. महिन्याचे एक लाख साठ हजार. घरभाडं २८ हजार, किराणा-भाजी, स्वयंपाकाच्या मावशी, वीज, गॅस आणि इंटरनेट मिळून २४ हजार, गाडीचा हप्ता १४ हजार, साताऱ्याला त्याच्या आईवडिलांना १० हजार, विमे ४ हजार आणि दोघांची मिळून १० हजारांची एसआयपी. बेरीज ९० हजार. म्हणजे ७० हजार उरायला हवेत. प्रत्यक्षात खात्यात भर पडते ती जेमतेम आठ हजारांची.

उरलेले ६२ हजार शोधायचे तर दोघांची मागच्या तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि क्रेडिट कार्डाची बिलं एका टेबलावर ठेवावी लागतात. एकाच टेबलावर, हे महत्त्वाचं. कारण दोघांचे फोन दोन, यूपीआय दोन. परवा त्याने जेवणाचे दिले, आज ती देते. बाहेरच्या जेवणावर किती जातात, असं विचारलं की प्रत्येक जण आपल्या फोनवरचा आकडा आठवून ‘असतील आठ-नऊ हजार’ असं म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. फक्त तो निम्मा आकडा असतो. बेरीज केल्यावर बाहेरचं जेवण आणि घरी मागवलेलं मिळून १९ हजार निघतात. लोणावळा, कोकण अशा शनिवार-रविवारच्या फेऱ्यांचे १६ हजार, ऑनलाइन खरेदीचे १४ हजार, कॅब, सिनेमा आणि वर्गण्यांचे ६ हजार. सात हजारांचा पत्ताच लागत नाही. यातला एकही खर्च उधळपट्टी म्हणावी असा नाही. तो कुणी ठरवलेला नाही, एवढंच.

म्हणून मी लगेच काटकसरीला बसा असं सांगणार नाही. आधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहावं : पुढच्या दहा वर्षांत मला काय हवं आहे, कधी आणि साधारण किती रुपयांचं. एकमेकांचं न बघता. समोरासमोर बोलताना ज्याचा आवाज मोठा, त्याचं ध्येय दोघांचं होऊन बसतं.

या जोडप्यात तो लिहितो, स्वतःचा फ्लॅट, ८० लाखांपर्यंत, चार वर्षांत. ती लिहिते, सहा वर्षांनी नोकरीतून दोन वर्षांची सुट्टी, पुढे शिकायला. दोन्ही इच्छा रास्त आहेत, पण एकमेकींवर आदळतात. ८० लाखांच्या घराला बँक ८० टक्के, म्हणजे ६४ लाख कर्ज देईल. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता साधारण साडेपंचावन्न हजार. तिचा पगार थांबला की त्याच्या ८८ हजारांतून हप्ता वजा जाता साडेबत्तीस हजार उरतात, आणि घरखर्च, विमा आणि साताऱ्याचे मिळून ३८ हजार लागतात. हे आजच कळलेलं बरं. घर घेतल्यावर कळतं तेव्हा शिक्षणाचा विषय कायमचा बंद होतो, आणि तो कुणी बंद केला यावर पुढे भांडणं होतात.

दोघं मिळून मधला आकडा काढतात. घर ६५ लाखांपर्यंत, पाच वर्षांनी, आणि कर्ज ४५ लाखांपुरतंच. हप्ता ३९ हजार. तोवर गाडीचं कर्ज फिटलेलं असेल, त्यामुळे एका पगारातही घर चालेल. मात्र पदरचे २० लाख हवेत, शिवाय मुद्रांक शुल्क सात टक्क्यांनी साडेचार लाखांच्या आसपास आणि नोंदणीचे ३० हजार. शुल्काचा हा खर्च कर्जात धरला जात नाही, आणि नेमका तोच लोक विसरतात. एकूण २५ लाख धरू. जवळ चार आहेत, एकवीस जमवायचे.

आता सत्तर हजारांची वाटणी. घरासाठी २८ हजार, आवर्ती ठेवीसारख्या सुरक्षित जागी, कारण पाच वर्षांवरचा पैसा शेअर बाजाराच्या भरवशावर सोडू नये. अडीअडचणीसाठी १० हजार, सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत. तो साठला की तेच दहा हजार तिच्या शिक्षणाकडे. दोघांच्या हिंडण्या-जेवण्याला १६ हजार. आणि प्रत्येकाला आठ-आठ हजार स्वतःचे, ज्याचा जाब दुसऱ्याने विचारायचा नाही. हे शेवटचे सोळा हजार मला फार मोलाचे वाटतात. ते नसतील तर साडीची किंमत कमी करून सांगणं आणि पार्सल ऑफिसात मागवणं सुरू होतं. वर्षभराने गाडीचा हप्ता संपला की सुटलेल्या १४ हजारांतले ९ हजार घराकडे, पाच हिंडण्याकडे. व्याज न धरताही पाच वर्षांत एकवीस लाख होतात. घरांच्या किमती तोवर वाढतील, म्हणून प्रत्येक पगारवाढीतला निम्मा भाग पहिल्याच महिन्यापासून याच ठेवीत वळवायचा. वाढीव पगार एकदा हाताला लागला की तो परत काढून घेणं जड जातं.

हे चालवायला एक संयुक्त खातं पुरतं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी दोघांच्या खात्यांतून पैसे आपोआप त्यात जातात. निम्मे-निम्मे नव्हे, तर पगाराच्या प्रमाणात. इथे ५५ आणि ४५ टक्के. हिंडण्या-जेवण्याचे सगळे पैसे दोघांनीही याच खात्यातून द्यायचे, म्हणजे आकडा कधी अर्धा दिसत नाही. पहिल्या एक-दोन महिन्यांत सोळाचे बावीस हजार होतील. तेव्हा फरक पुढच्या महिन्याच्या हिंडण्यातून कापावा, घराच्या ठेवीला हात लावू नये. खर्च पुन्हा वाहवतोय हे ओळखायची खूण सोपी आहे : कार्डाचं बिल भरायला संयुक्त खात्याबाहेरचे पैसे लागू लागतात.

एक गोष्ट मूल नसलेल्या जोडप्यांनी कधीच पुढे ढकलू नये. हिंदू वारसा कायद्यानुसार अपत्य नसलेला नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या मालमत्तेत बायकोबरोबर त्याच्या आईचाही समान वाटा असतो. बायको आधीच विधवा असेल आणि मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. बँकेत नॉमिनी लावला म्हणून तो मालक होत नाही, तो पैसे वारसांसाठी स्वीकारतो. दोघांनी मिळून जमवलेलं कुणाकडे जावं, हे दोघांनीच लिहून ठेवायला हवं. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, त्याला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात.